ओळखीचा सूर, हरवलेलें नांव

पुण्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आलें. त्यांचे सासरे व्यवसायानें डॉक्टर. १९७१ पासून १९७८ पर्यंत ते सहकुटुंब इंग्लंडांत लीड्स शहराजवळ राहत होते. आतां वयोमानानें त्यांचें बोलणें फारच थोडें राहिलें आहे. परंतु दिवेलागणीच्या सुमारास ते एक सूर गुणगुणूं लागतात, आणि तो संपला कीं घरांतल्या मंडळींकडे अशा नजरेनें पाहतात, कीं जणूं कोणीं तरी तो पुढें चालवावा. बाई लिहितात: "हा सूर मामंजींना कोठून तरी मिळवून ऐकवावा अशी आम्हां सर्वांची फार इच्छा आहे. तो विलायती आहे, पितळी वाद्यांच्या बँडवर वाजलेला आहे आणि यॉर्कशायर प्रांतांतील खेडुतांचें तें जुनें गाणें आहे, एवढें ते सांगूं शकले. मुलांनीं यॉर्कशायरच्या लोकगीतांच्या दोन ध्वनिमुद्रिका मिळविल्या, लष्करी बँडचीही एक आणली. पण प्रत्येक वेळीं त्यांनीं मान हलवून 'हें नव्हे' असेंच सुचविलें. मी पेटीवर स्वर काढून पाहिले. ते मालकंसासारखे वाटतात. याचा कांहीं उलगडा होईल काय?"

उलगडा झाला, आणि तो ज्या वाटेनें झाला ती वाट सांगण्याजोगी आहे, म्हणून या महिन्याचें सदर त्यासच दिलें आहे.

विस्मृतींत गेलेल्या विलायती रचनेचा शोध घेतांना आपल्या हातीं बहुधा तीन साक्षीदार असतात: आठवणारे स्वर, वाद्यवृंदाचा प्रकार आणि ऐकण्याचें ठिकाण. या तिघांची साक्ष एकाच गोष्टीविषयीं आहे असें आपण समजतों, आणि तेथेंच फसगत होते. स्वरांवरून रचना कोणती तें कळतें. वाद्यवृंदावरून, आपण ऐकली त्या वेळीं ती कोणत्या वेषांत होती एवढेंच कळतें. आणि ठिकाणावरून, ती तेथें कोणत्या निमित्तानें वाजली तें कळतें. या बाईंच्या घरीं वाद्यवृंद आणि ठिकाण यांची साक्ष आधीं घेतली गेली, म्हणून सारा शोध यॉर्कशायरांत अडकून राहिला. आम्हीं स्वरांपासून आरंभ केला.

पेटीवर काढलेले स्वर बाईंनीं असे लिहिले होते: सा, कोमल ग, कोमल ग, सा, कोमल नि, कोमल ध, कोमल नि, सा, कोमल ग, सा, कोमल नि. पुढें पहिल्या दोन तुकड्यांची पुनरावृत्ति, आणि शेवटीं कोमल नि, सा, कोमल नि, कोमल ध, कोमल ध. मध्यम यांत कोठेंच नाहीं; तरीही सा, कोमल ग, कोमल ध आणि कोमल नि एवढ्यावरून कोणासही मालकंसाची आठवण व्हावी हें स्वाभाविकच आहे. पण येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बाईंनीं जो पहिला स्वर ऐकला त्यालाच षड्ज मानलें. गाणें षड्जापासूनच सुरू झालें पाहिजे असा नियम आपल्याकडेही नाहीं आणि विलायतेंतही नाहीं. षड्ज शोधावयाचा तो सूर कोठें सुरू होतो यावरून नव्हे, तर तो कोठें विसावतो यावरून.

हा सूर कोठें विसावतो? बाईंनींच लिहिल्याप्रमाणें शेवटच्या तुकड्यांत तो कोमल ध या स्वरावर दोनदां येऊन थांबतो. तेथें ऐकणाऱ्याला घरीं पोंचल्यासारखें वाटतें. पहिला तुकडा संपतो त्या कोमल नि वर मात्र अजून कांहीं तरी उरलें आहे असें वाटत राहतें. तर मग त्या कोमल ध लाच षड्ज म्हणून पाहावें. तसें केल्याबरोबर सारे स्वर शुद्ध होऊन समोर येतात:

ग प प, ग रे सा, रे ग प ग रे;
ग प प, ग रे सा, रे ग रे सा सा.

ज्यांनीं मूर्च्छनेचा खेळ केला आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. भूपाच्या गंधाराला षड्ज मानून तेच पांच स्वर वाजविले तर मालकंस निघतो. बाईंचा कान चुकला नव्हता. पेटीच्या पट्ट्यांवर बोट ठेवण्याची जागा तेवढी बदलली होती. आमच्या वाचकांनीं ही परीक्षा ध्यानांत ठेवावी. स्वर लिहून झाले कीं शेवटचा विसावा कोणत्या स्वरावर आहे तें पाहावें, तो स्वर षड्ज धरून सर्व स्वर पुन्हां लिहावेत, आणि मगच शोधास लागावें.

या खटाटोपाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर एका पुस्तकांत आहे. हॅरोल्ड बार्लो आणि सॅम मॉर्गेनस्टर्न या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं १९४८ सालीं वाद्यसंगीतांतील सुमारें दहा हजार मुख्य सुरावटींचा एक कोश प्रसिद्ध केला. त्याच्या शेवटीं अशी सूची आहे, कीं जींत प्रत्येक सुरावट, मूळ ती कोणत्याही पट्टींत असो, 'सी' हा आधारस्वर धरून लिहिलेली आहे, आणि मग शब्दकोशांतील शब्दांप्रमाणें त्या सुरावटी आद्याक्षरांच्या अनुक्रमानें लावल्या आहेत. ज्यास सुरावट ठाऊक आहे पण नांव ठाऊक नाहीं, त्यानें ती 'सी' च्या आधारावर लिहावी, आणि शब्दकोशांत शब्द पाहावा तशी सूचींत पाहावी.

विलायती माणसास याकरितां स्वरांचें स्थलांतर करावें लागतें, कारण तेथें स्वरांचीं नांवें पट्टीला बांधलेलीं असतात. आपल्याकडे तसें नाहीं. आपला षड्ज कोणत्याही पट्टीवर बसतो, म्हणून आपली सरगम मुळांतच स्थलांतर झालेली असते. सा म्हणजे सी, रे म्हणजे डी, ग म्हणजे ई, म म्हणजे एफ, प म्हणजे जी, ध म्हणजे ए आणि नि म्हणजे बी, एवढें पाठ असलें कीं पुरे. कोमल स्वर आला तर त्या अक्षरापुढें कोमलाची खूण करावी. सासऱ्यांनीं कोणत्या पट्टींत गुणगुणलें याचा विचारही करावा लागत नाहीं, आणि तें बरेंच आहे. कारण इतक्या वर्षांनंतर मूळची पट्टी आठवणींत टिकून राहील असा भरंवसा कोणींच धरूं नये. त्या सूचींत मींड, मुरकी, कणस्वर यांसारखे अलंकारही धरलेले नाहींत. म्हणून गुणगुणण्यांत जें लालित्य आलें असेल तें बाजूस काढून मुख्य स्वर तेवढेच लिहावेत.

आमचे स्वर या रीतीनें झाले: ई जी जी, ई डी सी, डी ई जी ई डी. ही अक्षरें जेथें मिळतात तेथें नांव आहे आन्तोनिन द्वोर्झाक यांचें, आणि रचना आहे त्यांच्या ई मायनर पट्टींतील नवव्या सिंफनीची दुसरी गत, जिला लार्गो म्हणजे अतिविलंबित असें म्हणतात. बाईंनीं मूळ लिहिलेले स्वर तसेच ठेवले असते, तर सूचींत आपण सी, कोमल ई, कोमल ई अशा भलत्याच पानावर जाऊन पोंचलों असतों आणि तेथें हा सूर कधींच मिळाला नसता.

ज्यांस शुद्ध-कोमलाचा निश्चय करितां येत नाहीं त्यांच्यासाठींही एक सोपी वाट आहे. डेनिस पार्सन्स या इंग्रज गृहस्थानें १९७५ सालीं दुसरी एक सूची प्रसिद्ध केली. तींत स्वरांचीं नांवें नाहींतच. पहिल्या स्वरानंतर प्रत्येक स्वर मागच्याहून वर गेला, खालीं आला कीं तोच राहिला, एवढेंच लिहावयाचें. आपण त्यांस व, ख आणि त म्हणूं. आपला सूर मग असा होतो: पहिला स्वर, आणि पुढें व त ख ख ख व व व ख ख. गंमत अशी, कीं यांत षड्ज कोणता धरला हा प्रश्नच उरत नाहीं. बाईंचा मालकंस आणि आमचा भूप यांची ही खूण एकच येते. पण सोपेपणाचें मोलही द्यावें लागतें. आरंभीच्या पांचसहा खुणा अनेक सुरांच्या जुळतात, म्हणून कमींत कमी दहा, आणि शक्य तर पंधरा स्वरांपर्यंत खुणा असाव्यात. शिवाय मध्येंच एक स्वर विसरला किंवा दोनदां आलेला स्वर एकदांच लिहिला, कीं तेथून पुढची सारी ओळ सरकते. या सुरांत 'प प' हा जोड अगदीं आरंभींच आहे. त्यांतला एक पंचम गाळला तर 'त' नाहींसा होतो आणि शोध दुसऱ्या पानावर जातो. म्हणून सूर तीन निरनिराळ्या दिवशीं लिहून घ्यावा आणि जेथें तिन्ही लेखनें जुळतील तेवढाच भाग विश्वासाचा मानावा.

स्वरांनीं नांव दिलें. आतां उरलेल्या दोन साक्षीदारांचा मेळ बसला पाहिजे. कारण सासरे म्हणतात पितळी बँड, आणि द्वोर्झाक यांच्या मूळ रचनेंत हा सूर पितळी वाद्यावर नाहींच. तेथें तो कॉर आंग्ले नांवाच्या एका लांकडी सुषिर वाद्यावर येतो. हें वाद्य ओबोच्या जातीचें, पण त्याहून लांब आणि खर्जांतलें; त्याचें टोंक पेरूसारखें फुगीर असतें, आणि आपल्या सनईप्रमाणें त्यांत दुहेरी पत्ती बसविलेली असते. त्याच्या मागें तंतुवाद्यें आवाज दाबून अगदीं हळू वाजतात. हें मूळ ज्यानें ऐकलें असेल तो "बँड" असें म्हणणार नाहीं. आपल्याकडचा मनुष्य "सनईसारखें कांहीं तरी, पण जास्त खोल" असें म्हणेल.

पितळी बँड ही उत्तर इंग्लंडची खास परंपरा आहे. कोळशाच्या खाणी आणि गिरण्या यांतील कामगारांनीं ती वाढविली. त्यांत कॉर्नेट, फ्ल्यूगलहॉर्न, युफोनियम, ट्रॉम्बोन, ट्यूबा हीं वाद्यें असतात. व्हायोलिनही नाहीं आणि बांसरीही नाहीं. असे बँड सिंफनींतील सूर आपल्या वाद्यांसाठीं नव्यानें बसवून वाजवितात. म्हणून एखादा सूर पितळी बँडवर ऐकला, एवढ्यावरून तो बँडसाठींच रचला असें ठरत नाहीं. उलट अशा वेळीं पहिला संशय हाच घ्यावा, कीं हा दुसऱ्याच्या घरचा पाहुणा आहे.

मग आम्हीं बाईंस लिहून विचारलें, कीं सासऱ्यांनीं हा बँड कोठें ऐकला. बागेंत, सभागृहांत कीं घरांत? बसून सबंध कार्यक्रम ऐकला, कीं थोडाच वेळ आणि पुन्हां पुन्हां? उत्तर आलें कीं घरींच, दूरदर्शनच्या पडद्यावर, एका मिनिटाहूनही कमी वेळ, आणि तोही अनेकदां. आणि त्याबरोबर दगडी फरसबंदीची एक उभी चढण व सायकल ढकलीत जाणारा मुलगा दिसे, असें ते मोठ्या प्रयासानें म्हणाले. येथें तिसऱ्या साक्षीदारानें आपलें तोंड उघडलें. थोडा वेळ आणि पुन्हां पुन्हां, याचा अर्थ जाहिरात. १९७३ सालीं होव्हिस या पावाची एक जाहिरात इंग्लंडांत दाखवूं लागले. ती रिडली स्कॉट यांनीं चित्रित केली होती, आणि तींत लार्गोचा हा सूर पितळी वाद्यांवर बसविलेला होता. सासरे १९७८ पर्यंत तेथें होते, म्हणजे वर्षेंही जुळलीं.

परंतु ती चढण यॉर्कशायरांत नाहीं. ती दक्षिण इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांतील शाफ्ट्सबरी गांवची गोल्ड हिल नांवाची गल्ली आहे. पितळी बँडचा आवाज उत्तरेकडचा, म्हणून पाहणाऱ्यांनीं गल्लीही उत्तरेकडचीच मानली, आणि गल्ली जुनी म्हणून सूरही जुन्या खेडुतांचा मानला. अशी समजूत एकट्या या डॉक्टरांचीच झाली असें नाहीं. खुद्द इंग्रजांपैकीं पुष्कळांची ती आहे. वास्तविक हा सूर बोहेमियांतील एका संगीतकारानें अमेरिकेंत राहत असतांना स्वतः रचला. द्वोर्झाक १८९२ पासून १८९५ पर्यंत न्यूयॉर्क येथें एका संगीतविद्यालयाचे प्रमुख होते, आणि ही सिंफनी १८९३ च्या डिसेंबरांत त्याच शहरांतील कार्नेगी हॉलमध्यें पहिल्यानें वाजली.

या सुराला लोकगीत समजण्याची खोड अमेरिकेंतही आहे. द्वोर्झाक यांचे विद्यार्थी विल्यम आर्म्स फिशर यांनीं १९२२ सालीं त्यावर "घरीं चाललों" अशा अर्थाचे शब्द बसविले. तें गीत इतकें पसरलें, कीं हें निग्रो लोकांचें जुनें भक्तिगीत असून द्वोर्झाक यांनीं तें उचललें, असें लोक सांगूं लागले. क्रम नेमका उलटा आहे. जपानांत तर अनेक गांवांतून संध्याकाळीं ध्वनिवर्धकावर हाच सूर वाजतो. मुलांनीं आतां घरीं परतावें अशी ती सूचना असते. उद्यां एखाद्या वाचकाचे बंधु तोक्योहून परत येऊन "हें जपानी गीत कोणतें?" असें विचारतील, तर स्थळावर भिस्त ठेवणारा शोधक जपानी गीतांचीं पुस्तकें चाळीत बसेल. तिन्ही ठिकाणीं वाद्यें निराळीं, प्रसंग निराळे. ग प प, ग रे सा मात्र तेंच.

शेवटची पायरी पडताळ्याची. तिच्यावांचून नांव सांगणें म्हणजे नुसता तर्क. सूचींत दहा स्वर जुळले तरी सूर पुढें कसा जातो तें ताडून पाहिलें पाहिजे. लार्गोंतील या सुराचा उत्तरभाग ध सां सां, नि प ध असा वर चढतो. म्हणजे त्यांत शुद्ध निषाद येतो, आणि म्हणूनच पूर्वार्ध भूपासारखा वाटला तरी या सुराला भूप म्हणतां येत नाहीं. आम्हीं बाईंस हा उत्तरभाग लिहून पाठविला आणि तो पेटीवर वाजवून सासऱ्यांची मुद्रा पाहावयास सांगितलें. "पहिला अर्धा मी वाजविला आणि पुढचा त्यांनीं माझ्याआधीं म्हटला," असें त्या कळवितात. सूचींतील कोणत्याही जुळणीपेक्षां हा पुरावा मोठा. त्यानंतर मुलांनीं पितळी बँडवरील लार्गो मिळवून लावला. या वेळीं मान हलली ती उभी.

ज्यांस मूळ रचना ऐकावयाची असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं लार्गोचा आरंभ या सुरानें होत नाहीं. प्रथम खालच्या पट्टींतील सुषिर वाद्यांचे थोडे संथ, गंभीर स्वरसमूह येतात, मग तंतुवाद्यें, आणि मग कॉर आंग्ले. मध्यभागीं निराळेच सूर आहेत. अखेरीस मूळ सूर पुन्हां येतो तेव्हां तो फार थोड्या तंतुवाद्यांवर असून मध्येंच दोनतीनदां थांबतो, जणूं म्हणणाऱ्याचा श्वास अडकावा. ध्वनिमुद्रिका बिघडली असें समजून कोणी ती बंद करूं नये. त्या विरामांच्या जागा लेखनांतच आहेत.

असे हरवलेले सूर ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं आम्हांस अवश्य कळवावे. मात्र पत्रांत कमींत कमी पंधरा स्वर असावेत, आणि सूर कोठें विसावतो त्या स्वराखालीं रेघ ओढावी. ऐकलें त्या वेळीं तंतुवाद्यें होतीं, पितळी होतीं कीं लांकडी सुषिर, हें लिहावें. सबंध बैठक ऐकली कीं तुकडाच, एकदां कीं अनेकदां, आणि अदमासें कोणत्या वर्षीं, हेंही लिहावें. 'अमक्या देशाचें गाणें आहे' ही माहिती दिली तरी हरकत नाहीं. पण ती पत्राच्या अगदीं शेवटीं द्यावी.